पावसाळी पिकअप ऑफरचा मजकूर : नाशिकमधल्या एका लाँड्रीसाठीच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

काम असं : नाशिकमधल्या एका लाँड्री आणि ड्रायक्लीनिंगच्या दुकानाला पावसाळ्यातल्या पिकअप ऑफरसाठी मजकूर हवा आहे. तो इन्स्टाग्रामवर चित्राखाली जाईल, व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकांना पाठवला जाईल आणि काउंटरवर छापून लावला जाईल. तिन्ही ठिकाणी आश्वासन एकच राहील. लांबी तेवढी वेगळी.

दुकानाकडून आलेला कच्चा मसुदा : 'पाऊस असो वा ऊन, २४ तासांत कपडे घरपोच! पिकअप एकदम फ्री! आजच फोन करा!' सोबत पावतीचा नमुना आला. तिच्या मागे बारीक इंग्रजी अक्षरांत छापलंय की रंग जाणं, आकसणं, फाटणं, हरवणं यांपैकी कशालाही दुकान जबाबदार नाही.

मसुदा आणि पावती शेजारी ठेवून वाचल्यावर कामाची दिशा ठरली. पुढचा कागद चोवीस तास म्हणतो आणि मागचा कागद हात वर करतो. पावसाळ्यात या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात, कारण पावसाळ्यात लाँड्रीतलं बरंचसं नुकसान घाईतूनच होतं. अर्धवट वाळलेला कपडा पॅक होतो, ओला कोट ड्रायक्लीनच्या सॉल्व्हंटमध्ये जातो, ओल्या बॅगेत एकाचा रंग दुसऱ्याला लागतो. म्हणून वेळ आणि भरपाई एकाच मजकुरात, एकाच आकाराच्या अक्षरांत लिहायची. आधी वेळ ठरवू, मग भरपाई आणि शब्द शेवटी.

४ जून

वेळ ठरवायची तर वाळण्याचा हिशोब आधी मांडावा लागतो. धुलाईला मशीनमध्ये तासाभराहून जास्त लागत नाही. वेळ खातं ते वाळवणं.

एका घरची बॅग सुक्या कपड्यांची पाच किलोची धरली. धुऊन, हायड्रोत म्हणजे वेगाने फिरवून पाणी काढणाऱ्या मशीनमध्ये पिळून काढल्यावर सुती कपड्यांत त्यांच्या सुक्या वजनाच्या साधारण निम्मं पाणी उरतं. म्हणजे अडीच लिटर पाणी हवेत जायचं आहे.

नाशिकमध्ये मेमधल्या दुपारी तापमान ३६ अंश आणि आर्द्रता २५ टक्के असेल, तर एक घनमीटर हवा आणखी तीसेक ग्रॅम पाणी घेऊ शकते. जुलैत २६ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना तीच हवा जेमतेम अडीच ग्रॅम घेते. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा असते. मेमध्ये तीन खोल्या भरतील एवढ्या हवेत ही बॅग वाळते, जुलैत पस्तीस खोल्यांची हवा लागते. हा कागदावरचा हिशोब आहे. प्रत्यक्षात हवा पूर्ण भरून बाहेर जात नाही, त्यामुळे याहून जास्तच लागते.

दुकानात वाळवणाच्या खोलीत पंखे आहेत, पण खिडक्या बंद असतात. बंद खोलीत पंखा तीच दमट हवा फिरवत राहतो. कपडे लावल्यावर तासाभरात खोली कपड्यांइतकीच ओली होते आणि वाळणं थांबतं. उपाय दोन : हवा गरम करणं आणि ती बाहेर काढणं. बाहेरची २६ अंशांची हवा नुसती ३६ अंशांपर्यंत तापवली, तर तिची आर्द्रता ९० वरून साधारण ५१ टक्क्यांवर येते आणि घनमीटरमागे अडीच ग्रॅमऐवजी वीसेक ग्रॅम पाणी ती उचलते. पण ती एक्झॉस्टमधून बाहेर गेली तरच फायदा. हीटर लावला आणि एक्झॉस्ट बंद ठेवला, तर खोली गरम होते आणि कपडे मात्र ओलेच राहतात. दुकानाला सांगितलं : हीटर आणि एक्झॉस्ट एकाच बटणावर जोडून घ्या आणि भिंतीवर आर्द्रतामापक लावा. तो साठच्या वर गेला, तर खोलीत नवे कपडे लावायचे नाहीत.

५ जून

टंबलरची क्षमता पाहिली. टंबलर म्हणजे कपडे गरम हवेत फिरवून वाळवणारं मशीन, ते दुकानात एक आहे. त्यात एका वेळी दहा किलो नीट फिरतात. कागदावर क्षमता जास्त लिहिलेली असली तरी ड्रम भरगच्च झाला की कपडे गोळा होऊन फिरतात आणि मधले ओले राहतात. एका फेरीला तास धरला, दिवसाचे नऊ तास धरले, तर नव्वद किलो. पाच किलोची बॅग म्हणजे अठरा घरं. पावसाळ्यात वीज जाणार हे धरून पंधरावर थांबायचं ठरवलं.

यातून दोन निर्णय झाले. पहिला : मजकुरात रोजच्या बुकिंगची मर्यादा लिहायची, 'रोज पंधरा घरं'. दुसरा : दुकानाला वीस टक्के सूट द्यायची होती, ती आम्ही काढायला लावली. पावसाळ्यात गिऱ्हाईक आपणहून येतं, अडचण ते वेळेत वाळवून देण्याची असते. सूट देऊन गर्दी वाढवायची आणि वेळ चुकवायची, यात दुकानाचं नाव खराब होण्यापलीकडे काही पदरात पडत नाही. घरून नेणं आणि घरी आणून देणं एवढीच ऑफर पुरेशी आहे.

७ जून

'२४ तास' आणि 'वाळणं' यांची गाठ बसत नाही, हे आता आकड्यांवरून दिसतंय. पण '४८ तास' लिहिण्यालाही आमचा विरोध आहे. तास कुठून मोजायचे यावर वाद होतो. दुकान कपडे काउंटरला टॅग लागल्यापासून मोजतं, गिऱ्हाईक बॅग दारातून बाहेर पडल्यापासून. त्यात अर्ध्या दिवसाचा फरक पडतो. घरात कोणी तासांत बोलत नाही. 'परवा संध्याकाळी येतील' असंच बोलतात. म्हणून मजकुरात वार आणि वेळ.

सोमवारच्या पिकअपचा प्रवास मांडून पाहिला. सकाळी साडेसात ते दहा पिकअप. अकरापर्यंत वर्गवारी, खिसे तपासणं, टॅग. दुपारी धुलाई, हायड्रो, टंबलर. टंबलरमधून कपडा निघाला की शर्ट-कुर्ते इस्त्रीला तयार असतात, पण जीन्सची कमरपट्टी, खिशांची अस्तरं, स्वेटशर्टची टोपी आतून दमट असते. हे रात्रभर वाळवणाच्या खोलीत. मंगळवारी सकाळी हाताने तपासणी, मग इस्त्री. इस्त्रीतून निघालेला कपडा गरम आणि वाफेने भरलेला असतो. तो लगेच प्लास्टिकच्या पिशवीत घातला, तर वाफ आतच थंड होऊन पाणी होते आणि गिऱ्हाइकाने पिशवी उघडली की कुबट वास येतो. म्हणून हँगरवर निदान अर्धा तास, मगच पॅकिंग आणि पिशवीला खालून उघडं तोंड. मंगळवारी रात्री काम संपतं. बुधवारचा दिवस हाताशी राहतो आणि संध्याकाळी डिलिव्हरी.

हा मधला दिवस मोकळा दिसतो म्हणून दुकानाला तो कमी करावासा वाटतो. तो ठेवायचाच. एखाद्या दुपारी चार तास वीज गेली की तोच दिवस कामी येतो.

संध्याकाळचा पिकअप मात्र बंद करायला सांगितला. सोमवारी रात्री आठला आलेली बॅग मंगळवारी धुतली, तर बुधवारी दुपारपर्यंत इस्त्री होते आणि हाताशी काहीच उरत नाही. दुसरं कारण गाडीचं. एकाच फेरीत धुतलेले कपडे पोचवायचे आणि ओल्या बॅगा उचलायच्या, म्हणजे बंद गाडीतली सगळी ओल धुतलेल्या कपड्यांत जाते. सकाळी गाडी फक्त उचलते, संध्याकाळी फक्त पोचवते. अंबड आणि सातपूरच्या एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्यांना सकाळची वेळ जमत नाही. त्यांच्यासाठी बॅग सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवायची सोय करू, पण ओल्या कपड्यांसाठी नाही, आणि सीलची दोरी लावूनच.

१० जून

ड्रायक्लीनची वेळ वेगळी धरावी लागते आणि ती का, हे काउंटरवरच्या माणसाला नीट सांगता आलं पाहिजे. लोक समजतात की ड्रायक्लीनमध्ये पाणी नाही, तर पावसाचा काय संबंध?

संबंध असा. लोकर आणि रेशीम हवेतलं पाणी भरपूर शोषतात. ६५ टक्के आर्द्रतेच्या सर्वसाधारण हवेतसुद्धा लोकरीत तिच्या सुक्या वजनाच्या सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, रेशमात अकराच्या आसपास, पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्कासुद्धा नाही. पावसाळ्यात हे वाढतं आणि कोट पावसात भिजलेला असेल तर विचारायलाच नको. असा कपडा पर्क म्हणजे परक्लोरोइथिलीन किंवा एमटीओ म्हणजे मिनरल टर्पेंटाइन ऑइल अशा सॉल्व्हंटमध्ये गेला की ड्रममध्ये मोकळं पाणी तयार होतं. ते सॉल्व्हंटमध्ये मिसळत नाही, कपड्यावर बसतं. मग ड्रमच्या फिरण्याने लोकर आकसते, पाण्यात विरघळणारे रंग सुटतात आणि सॉल्व्हंटमधला मळ ओल्या जागी परत चिकटतो. हलक्या रंगाचा कोट धुऊन आल्यावर करडा दिसू लागला, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. तो करडेपणा सहजी निघत नाही.

म्हणून ड्रायक्लीनला आलेला प्रत्येक लोकरी आणि रेशमी कपडा आधी एक रात्र वाळवणाच्या खोलीत हँगरवर. तपासायची जागा कॉलरची घडी, खांद्याचं पॅडिंग आणि बगलेची शिवण. हाताचा मागचा भाग लावायचा. तळहात राठ असतो, त्याला ओल लवकर कळत नाही. जागा बाकीच्या कपड्यापेक्षा गार लागली, तर अजून ओल आहे.

उन्हाळ्यात जे तिसऱ्या दिवशी मिळतं ते पावसाळ्यात पाचव्या दिवशी लिहायचं : एक दिवस वाळवणाचा, एक डाग काढण्याचा आणि सॉल्व्हंटचा, एक वास उडण्याचा आणि प्रेसचा, एक हाताशी. सोमवारी दिलं तर शुक्रवारी संध्याकाळी. दुकानाला पाच हा आकडा जड वाटला. पण श्रावणात मंगळागौरीसाठी साडी हवी असलेल्या बाईंना 'तीन दिवस' सांगून चौथ्या दिवशी फोन करायला लावण्यापेक्षा 'शुक्रवारी' सांगून शुक्रवारी देणं बरं.

गोधड्या आणि ब्लँकेट ऑफरमधून बाहेर काढले. गोधडीत जुन्या साड्यांचे थर असतात, प्रत्येक थराचा रंग वेगळा आणि बाहेरून सुकी वाटली तरी आतला थर दोन-दोन दिवस ओला राहतो. ती घ्यायची असेल तर काउंटरवर पाहून, वेगळी तारीख लिहून.

१२ जून

पिकअपच्या वेळी काय करायचं, हे ठरवलं. मजकुरातलं आश्वासन याच टप्प्यावर पाळलं जातं किंवा मोडतं.

गाडीबरोबर दोन पिशव्या : सुक्या कपड्यांसाठी जाड कापडी, ओल्यांसाठी जाळीची, बाहेरून पावसापुरतं आवरण. ओले कपडे प्लास्टिकमध्ये गाठ मारून बांधायचे नाहीत. गाठ मारलेल्या पिशवीत दोन गोष्टी होतात. लाल ओढणीचा रंग पांढऱ्या कुर्त्याला लागतो आणि तास वाढले तसा तो पक्का होत जातो. शिवाय सुती कपडा एक-दोन दिवस ओला बांधून राहिला की बुरशीचे काळे ठिपके येतात.

बुरशीबद्दल मजकुरात स्पष्ट वाक्य हवं. वास जातो, ठिपके नेहमी जात नाहीत. पांढऱ्या सुती कपड्यावर ब्लीच चालतं. शिवणीच्या आतल्या बाजूला पातळ ब्लीचचा थेंब लावला आणि ठिपका फिका पडला तर बुरशी, तसाच राहिला तर बहुतेक मळ किंवा ऑइल. रंगीत सुतीसाठी सोडियम परकार्बोनेट कोमट पाण्यात, काही तास, आधी रंग पक्का आहे का पाहून. रेशीम आणि लोकर यांना क्लोरीनचं ब्लीच कधीच नाही, ते धागाच खातं. आणि बुरशीने धागा आधीच कुजवला असेल तर ठिपका निघताना तिथे भोकही पडू शकतं. म्हणून 'सर्व डाग १००% साफ' हे वाक्य दुकानाच्या जुन्या पाटीवरूनही खाली उतरवायला सांगितलं.

रंग पक्का आहे का पाहायची पद्धत दारातच करता येते : ओला पांढरा रुमाल आतल्या शिवणीवर अर्धा मिनिट दाबून धरायचा. रुमालाला रंग आला तर पावतीवर 'रंग जातो' आणि कपडा वेगळ्या पिशवीत.

चिखलासाठी गिऱ्हाइकालाच एक सूचना द्यायची : चिखल ओला असताना घासू नका, वाळू द्या, मग झटका. ओला घासला की मातीचे बारीक कण धाग्यांत शिरतात. त्र्यंबकच्या बाजूची लाल माती असेल तर तिच्यातल्या लोहामुळे नुसत्या साबणाने डाग पिवळसर उरतो, त्याला वेगळं रसायन लागतं.

१४ जून

भरपाई. या धंद्यात सर्रास चालणारा नियम म्हणजे धुलाईच्या दराच्या दहापटीपर्यंत. शर्टाची धुलाई-इस्त्री चाळीस रुपये धरली, तर चारशे रुपये. रोजच्या शर्टाला हे कसंबसं चालतं. साडीचं ड्रायक्लीन तीनशे रुपये धरलं, तर तीन हजार. साधी साडी असेल तर ठीक. पण आपल्या जिल्ह्यात येवला आहे. हातमागाची पैठणी कपाटात असलेली घरं इथे कमी नाहीत आणि तिला तीन हजार म्हणणं म्हणजे काहीच न देणं.

म्हणून दोन भाग केले. पाच हजारांच्या आतल्या कपड्यांना खरेदीच्या किमतीवर वापराप्रमाणे : पहिल्या वर्षात ८० टक्के, दुसऱ्यात ६०, तिसऱ्यात ४०, पुढे २५. बिल नसेल तर दहापटीचा नियम. पाच हजारांच्या वरचे कपडे पिकअपच्या वेळी पावतीवर नोंदवायचे, किंमत लिहून, फोटो काढून, दोघांच्या सह्यांनी. जरीच्या आणि हातमागाच्या साड्यांना वर्षांचा तक्ता लावायचा नाही. आजीची पैठणी जुनी झाली म्हणून पंचवीस टक्क्यांची होत नाही. तिथे पावतीवर दोघांनी मान्य केलेली किंमतच धरायची.

एक उदाहरण पूर्ण करून पाहिलं. चौदा महिन्यांपूर्वी घेतलेली साडेचार हजारांची साडी, बिल हातात. दुकानात दुसऱ्या कपड्याचा रंग तिच्या पदराला लागला. आधी दुकानाला रंग काढायला तीन दिवस. निघाला तर साडी परत, धुलाईचे पैसे घ्यायचे नाहीत. नाही निघाला तर दुसरं वर्ष चालू आहे म्हणून ६० टक्के, म्हणजे २,७०० रुपये, शिवाय धुलाईचे पैसे परत, आणि साडी गिऱ्हाइकाचीच राहणार. साडी ठेवून घ्यायची अट दुकानाने सुचवली होती, ती काढली. डाग पडलेल्या साडीचा गिऱ्हाइकाला ड्रेस तरी शिवता येतो, दुकानाला तिचा काही उपयोग नाही.

पैठणीचे फोटो पाच : पदर, दोन्ही काठ, मधला भाग, फॉलची शिवण आणि घडीची रेघ. जुनं रेशीम घडीवरच आधी चिरतं आणि ते प्रेसच्या वेळी उघडं पडतं. तो फोटो नसेल तर कोणी काय फाडलं हे कोणालाच सांगता येत नाही. जरीचे धागे काळे पडलेले असतील तर तसं लिहायचं. ड्रायक्लीनने मळ जातो, पण काळवंडलेले जरीचे धागे पुन्हा चमकतीलच असं नाही. काठाला घरी पाणी लागून गेलं असेल, तर काठ आणि रेशीम वेगवेगळे आकसून काठ आधीच गोळा झालेला दिसतो. तेही लिहायचं.

१७ जून

कायद्याच्या बाजूने मजकूर तपासला. जाहिरातींच्या दिशाभुलीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यातल्या दोन गोष्टी इथे थेट लागू होतात. अट ज्या भाषेत दावा आहे त्याच भाषेत आणि त्याच अक्षरांत असावी आणि अटीने मूळ दाव्याला छेद देऊ नये. म्हणजे पुढे मराठीत 'घरपोच' आणि मागे बारीक इंग्रजीत 'जबाबदार नाही' हे चालणार नाही. दुसरं 'फ्री'बद्दल. मोफत म्हटलं की गिऱ्हाइकावर नेमकी काय अट आहे ते तिथेच स्पष्ट हवं. दुकानाचा पिकअप चारशे रुपयांच्या ऑर्डरवरच मोफत आहे, तर 'चारशे रुपयांच्या पुढे पिकअप-डिलिव्हरी मोफत, खाली चाळीस रुपये' असं एका ओळीत.

पावतीमागचं 'कशालाही जबाबदार नाही' हे वाक्यही काढायला लावलं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतली कमतरता आणि अन्याय्य करार या दोन्हींची व्याख्या आहे. दुकानाने एकतर्फी छापलेल्या ओळीने दोन्हींपासून सुटका होत नाही. तिच्या जागी १४ जूनचे नियम मराठीत, वाचता येतील एवढ्या अक्षरांत.

तक्रारीची मुदत ४८ तास ठेवली, टॅग न काढता. इथे मात्र तास चालतात, कारण सुरुवात डिलिव्हरीच्या मेसेजच्या वेळेने होते आणि तो दोघांकडे असतो. चोवीस तास कमी पडतात. पैठणी घरी आल्या आल्या कोणी उलगडून पाहत नाही.

२० जून

मजकूर बसवला. इन्स्टाग्रामवर मर्यादा २,२०० अक्षरांची आहे, ती अडचण नाही. अडचण ही की फोनवर पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकी दाबल्यावर उघडतं. म्हणून पिकअप आणि वेळ पहिल्या दोन ओळींत. मजकुरातली लिंक तिथे दाबता येत नाही, तेव्हा फोन नंबर चित्रावरही मोठा.

गोदावरीचाही विचार करावा लागला. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाघाट आणि सराफ बाजाराकडचे सखल रस्ते पाण्याखाली जातात आणि अख्खं नाशिक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत आलं ते विचारत असतं. त्या दिवशी पंचवटीच्या घाटाकडच्या भागात गाडी पाठवायची नाही. ही ओळ मजकुरात असली की गिऱ्हाईक फोन करून रागावत नाही.

ठरलेला मजकूर :

> कपडे वाळत नाहीत? सकाळी आम्ही घरून नेतो.
> आज सकाळी दिलेत, तर धुऊन-इस्त्री करून परवा संध्याकाळी घरी. ड्रायक्लीन पाचव्या दिवशी संध्याकाळी : सोमवारी दिलं तर शुक्रवारी.
>
> पिकअप सकाळी ७.३० ते १०, डिलिव्हरी संध्याकाळी ५ ते ८. गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर, सिडको, पंचवटी. रोज पंधरा घरं, आधी बुकिंग त्यांना आधी.
> ४०० रुपयांच्या पुढे पिकअप-डिलिव्हरी मोफत, त्याखाली ४० रुपये.
>
> ओले कपडे वेगळे ठेवा, प्लास्टिकमध्ये बांधू नका. चिखल घासू नका, वाळू द्या.
> बुरशीचा वास जातो, काळे ठिपके सगळे जातीलच असं नाही. कपडा पाहून आधीच सांगू. धोका वाटला तर तुम्हाला विचारल्याशिवाय धुणार नाही आणि न धुता परत दिला तर पैसे घेणार नाही.
>
> आमच्याकडून कपडा हरवला, जळला, फाटला किंवा दुसऱ्याचा रंग लागला तर भरपाई आम्ही देऊ : बिल असेल तर वापराच्या वर्षांप्रमाणे किमतीच्या ८० ते २५ टक्के, बिल नसेल तर धुलाईच्या दहापटीपर्यंत. ५,००० रुपयांच्या वरचे कपडे आणि पैठणी देताना किंमत पावतीवर लिहून घ्या, भरपाई त्याच किमतीवर ठरेल.
> तक्रार ४८ तासांत, टॅग न काढता.
>
> गोधडी आणि ब्लँकेट या ऑफरमध्ये नाहीत. नदीला पाणी सोडलेल्या दिवशी पंचवटीच्या गोदाघाट भागात पिकअप पुढच्या दिवशी.
> ऑफर ३१ ऑगस्टपर्यंत.

व्हॉट्सअ‍ॅपसाठी पहिल्या दोन ओळी, चारशेची ओळ आणि भरपाईचा परिच्छेद. भरपाई तिथूनही गाळायची नाही, असं दुकानाला लेखी कळवलं.

४ जुलै

काउंटरवर येणाऱ्या प्रश्नांची वही मागवून पाहिली. सगळ्यात जास्त गोंधळ 'परवा'चा नाही, तर शाळेच्या गणवेशाचा. आई-वडील विचारतात की दोनच जोड आहेत, उद्या मिळेल का. गणवेश बहुतेक पॉलिएस्टर मिसळलेला असतो, त्यात पाणी कमी राहतं आणि टंबलरमधून तो जवळजवळ सुका निघतो. त्यामुळे त्याला दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ देता येते. ओळ घातली : 'शाळेचा गणवेश वेगळ्या पिशवीत दिलात तर उद्या संध्याकाळी.' वेगळ्या पिशवीची अट महत्त्वाची. तो बाकीच्या कपड्यांत मिसळला की त्यांच्याच रांगेत जातो.

एमआयडीसीतल्या कामाच्या कपड्यांना हे लागू नाही. कापड तेच असलं तरी ऑइल आणि ग्रीस आधी भिजवून सोडवावं लागतं. ते न करता टंबलरच्या उष्णतेत गेलं की डाग पक्का बसतो.

३१ जुलै

श्रावण लागला. ११ ऑगस्टला तिसरा श्रावणी सोमवार आहे, ब्रह्मगिरीची फेरी. त्यानंतरच्या मंगळवारी-बुधवारी पांढरे कुर्ते, पायजमे, सुती साड्या गुडघ्यापर्यंत लाल मातीने भरून येतील, त्यातले बरेच पिशवीत ओले बांधलेले. या कपड्यांना परवाची वेळ पाळता येणार नाही. लाल मातीला आधी वाळवून झटकणं, मग धुलाई, मग लोहाच्या डागाचं रसायन आणि पुन्हा धुलाई असं दोनदा पाण्यातून काढावं लागतं.

८ ऑगस्टपासून आठवडाभरासाठी मजकुराच्या पहिल्या दोन ओळींनंतर :

> फेरीला जाऊन आलेले मातीचे कपडे : घरी आल्यावर बांधून ठेवू नका, दोरीवर पसरून वाळू द्या, मग द्या. हे कपडे चौथ्या दिवशी संध्याकाळी मिळतील. लाल मातीचा पिवळसर डाग सुती पांढऱ्यावरून बहुतेक निघतो, रंगीत कपड्यावर आधी तपासून सांगू.

त्या आठवड्यापुरती घरांची मर्यादा पंधरावरून बारा. एक बॅग दोनदा टंबलरमध्ये जाणार असेल तर नव्वद किलोचा हिशोब तेवढाच खाली येतो. बुकिंग घेणाऱ्याला नवा आकडा ७ तारखेला संध्याकाळी द्यायचा आणि लोहाच्या डागाचं रसायन त्याआधी भरून ठेवायचं.